चुकीचा पर्यायही विचारपूर्वक लिहावा लागतो

करार कायद्याच्या धड्यावर सराव प्रश्न काढताना योग्य उत्तर लिहायला दोन मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो उरलेल्या तीन पर्यायांत.

एक प्रश्न घेऊ. सतरा वर्षांच्या मुलाने आपलं घर गहाण ठेवून कर्ज काढलं. या कराराची स्थिती काय? मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या 1903 च्या निकालानुसार उत्तर आहे : करार सुरुवातीपासूनच शून्य.

आता चुका शोधायच्या त्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात. ‘मुलाच्या इच्छेनुसार रद्द करता येईल’ हा पहिला पर्याय. धाकदपटशाने किंवा फसवून केलेला करार शून्यकरणीय असतो. तोच नियम अनेकजण इथे लावतात. दुसरा, ‘सज्ञान झाल्यावर त्याने मान्यता दिली तर वैध’. ऐकायला न्याय्य वाटतं, पण जो करार मुळातच नाही त्याला नंतर मान्यता देता येत नाही.

तिसरा पर्याय म्हणून ‘पालकाची संमती असेल तर वैध’ असं सुचतं. तो मी टाळतो. पालकाने अधिकारात राहून अज्ञानाच्या हितासाठी केलेला करार काही वेळा बंधनकारक ठरतो, त्यामुळे अभ्यासू विद्यार्थीच अडखळेल. त्याऐवजी ‘मुलाने वय लपवलं असेल तर वैध’ ठेवावं. वरच्या खटल्यात वयाबद्दल खोटं सांगितलेलं होतंच, तरी करार टिकला नाही.

शेवटी चारही पर्यायांची लांबी पाहा. बरोबर उत्तरच सर्वांत लांब असेल, तर धडा न वाचलेलाही ते ओळखतो.