वजन बरोबर, चरबी जास्त

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. बीएमआयला काय दिसत नाही, हे त्या एका फोटोतून कळतं.

गैरसमज : बीएमआय २५च्या आत आहे, म्हणजे अंगावर जादा चरबी नाही.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. त्या वजनात स्नायू किती, हाडं किती आणि चरबी किती, हे त्यातून कळत नाही. भारतीयांमध्ये सारख्याच बीएमआयला युरोपीय लोकांपेक्षा चरबी सरासरीने जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात. पण २३च्या आत असलेल्यांचीही सुटका नाही. याची मुळं फार मागे जातात. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिक यांच्या गटाने नवजात बाळं मोजली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. मात्र त्यांच्या पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजन कमी होतं ते मुख्यतः स्नायूंचं. किडकिडीत दिसणारं पोर चरबीच्या हिशेबात किडकिडीत असेलच असं नाही.

गैरसमज : हातपाय बारीक आहेत, पोट काय सगळ्यांनाच सुटतं.

हीच खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि आपण तीच हसण्यावारी नेतो. मांड्यांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. स्नायू कमी असले की रक्तातली साखर शोषून घेणारी जागाही कमी पडते. सडपातळ माणसाला मधुमेह निघतो आणि घरचे चकित होतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

समजा, एका चाळिशीतल्या माणसाची उंची १७० सेंटीमीटर आणि वजन ६४ किलो आहे. बीएमआय २२.१, म्हणजे उत्तम. पँट ३४ची, म्हणजे साधारण ८६ सेंटीमीटर. पण ती पँट पोटाखाली बसते. टेप नीट लावली तर कंबर भरते ९२.

नीट म्हणजे कशी? उभं राहून शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं वरचं हाड हाताने चाचपा. या दोन्हींच्या बरोबर मध्यावर, उघड्या अंगावर, शिंप्याची टेप जमिनीला समांतर फिरवा. श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. बायकांनी परकराच्या नाडीच्या जागी मोजलं तर आकडा चुकतो. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा. गरोदरपणात हे माप लागू नाही. आणखी सोपा ताळा म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. आपल्या माणसाची ८५च्या आत हवी होती.

गैरसमज : मशीनवर उभं राहिलं की चरबीची टक्केवारी अचूक कळते.

घरचे किंवा जिममधले काटे अंगातून अगदी सौम्य वीज सोडतात आणि तिला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी कमी प्यायलं, नुकताच व्यायाम झाला किंवा जेवण झालं, तरी आकडा हलतो. एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी, महिन्या-महिन्याने पाहिलं तर कल समजतो. एका दिवसाच्या आकड्यावर निदान करू नये. डेक्सा तपासणी जास्त भरवशाची, पण प्रत्येकाला तिची गरज नाही. कंबर रेषेपलीकडे असेल तर आधी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल आणि रक्तदाब पाहावा. ट्रायग्लिसराइड्स १५०च्या वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५०च्या खाली, किंवा सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा आला, तर काट्यावरच्या वजनावर विसंबू नये.

गैरसमज : मग वजन उतरवायला हवं.

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण अशी माणसं जेवण तोडतात. आपल्या माणसाच्या अंगात २८ टक्के, म्हणजे सुमारे १८ किलो चरबी आहे असं धरू. उपास करून त्याने ४ किलो उतरवले आणि त्यातला निम्मा स्नायू असला, तर ६० किलोत १६ किलो चरबी उरते. टक्केवारी जेमतेम २७. उलट आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर, वजनं उचलणं आणि ताटात डाळ-उसळ, दही, अंडी किंवा मासे वाढवून सावकाश ४ किलो चरबी गेली आणि ३ किलो स्नायू आले, तर वजन ६३ राहील आणि चरबी २२ टक्क्यांवर येईल. याला महिनोन्‌महिने लागतात. तेवढ्या काळात काट्यावर फरक दिसेल तो एका किलोचा. बाकीचा दिसेल टेपवर.