शाल-श्रीफळाच्या आधी दोन ओळी इतिवृत्तात

सोसायटीत एखाद्याने जुनं दुखणं निस्तरलं की आपण व्हॉट्सअॅपवर हात जोडलेले दोन इमोजी टाकतो, फार तर गणपतीत शाल-श्रीफळ देतो. पण त्या माणसाने नेमकं काय केलं, हे कुठेच लिहून ठेवत नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छताला वर्षानुवर्षं ओल होती. खालचे म्हणायचे, वरच्यांची फरशी गळते. वरचे म्हणायचे, सोसायटीचा पाइप फुटलाय. कमिटी दोघांना आपसात मिटवायला सांगायची. भांडण तसं पैशाचंच होतं. आदर्श उपविधींनुसार सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते आणि घरातल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाच्या. त्यामुळे पाणी कुठून येतं हे ठरल्याशिवाय पाकिटात हात घालायला कुणी तयार नव्हतं.

कमिटीतल्या एक निवृत्त काकू यात पडल्या. आधी त्यांनी ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली. पाऊस नसतानाही डाग रेघेबाहेर गेला, म्हणजे बाहेरच्या भिंतीतून पाणी येत नव्हतं. रात्री घरात पाणी वापरलं नाही की तो वाढत नसे, म्हणजे सतत दाबाखाली असलेली नळाची लाइनही सुटली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची नहाणी बोळा घालून बंद केली आणि फरशीवर दोन बोटं पाणी दोन दिवस साठवून ठेवलं. त्या दोन दिवसांत त्या घरानं अंघोळी शेजारी केल्या! डाग जागचा हलला नाही. वॉटरप्रूफिंग ठीक होतं. राहिला सांडपाण्याचा मार्ग. नहाणीत लाल रंगाचं पाणी ओतलं, तर ते खाली छताला उमटलं.

इथे कुणीही वरच्यांना बिल लावलं असतं. काकूंनी काही दिवस थांबून चौथ्या मजल्याच्या नहाणीत निळं पाणी ओतलं. तेही त्याच जागी आलं. चौथ्या मजल्याचं पाणी तिसऱ्यांच्या नहाणीतून जात नाही, ते डक्टमधल्या उभ्या सामाईक पाइपमधून जातं. तोच सांधा निखळला होता. खर्च सोसायटीचा! प्लंबरने तो बदलला. रंगकाम मात्र काकूंनी भिंत पूर्ण सुकेपर्यंत करू दिलं नाही, नाहीतर नव्या रंगाला पोपडे आले असते.

आता आभार. 'मोलाचं सहकार्य' या शब्दांतून पुढच्या कमिटीला काहीच कळत नाही. डाग कुठे होता, कोणत्या चाचण्या झाल्या, कोणता सांधा बदलला, हे नावानिशी आभाराच्या ठरावात लिहा. दुसऱ्या घरात ओल आली की तोच कागद कामाला येईल. शिवाय रिक्षा-रंगाचे किरकोळ पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेले असतात, ते व्हाउचरवर परत करा.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तुमच्याकडेही अशी कुणी काकू असेल, तर हा ठराव त्या सभेच्या विषयपत्रिकेवर आत्ताच घालून घ्या.