ग्रेपफ्रूटचा रस आणि स्टॅटिनची गोळी

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिम्व्हास्टॅटिनची गोळी घेतली, की त्यातले जेमतेम ५ टक्के औषध मूळ स्वरूपात रक्तात पोचते. बाकीचे बरेचसे आतड्याच्या अस्तरातले आणि यकृतातले सीवायपी३ए४ हे विकर वाटेतच मोडून टाकते. गोळीची मात्रा ही घट धरूनच ठरवलेली असते.

ग्रेपफ्रूटमध्ये बर्गामोटिनसारखी फ्युरॅनोकूमरिन द्रव्ये असतात. ती आतड्यातल्या या विकराला चिकटून ते कायमचे निकामी करतात. पेशींनी नवे विकर तयार करेपर्यंत औषध फारसे न मोडताच आत शिरत राहते. फिनलंडमधल्या एका अभ्यासात लोकांनी तीन दिवस रोज २०० मिलिलीटर रस घेतला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर सिम्व्हास्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची गोळी घेतली. त्यांच्या शरीराला मिळालेले औषध पाण्याबरोबर गोळी घेतल्याच्या तुलनेत साडेतीन पटींहून जास्त भरले. त्यामुळे सकाळी रस आणि रात्री गोळी ही युक्ती पूर्ण सुरक्षित नाही. अंतर ठेवल्याने परिणाम बराच घटतो, पण दाट रस भरपूर प्यायल्यावर तो पुरता ओसरायला तीन ते सात दिवस लागतात.

हा सगळा प्रकार उघडकीला आला तो योगायोगाने. कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन हे रक्तदाबाचे औषध आणि मद्य यांचा संबंध तपासत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातले फेलोडिपिन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ती निरीक्षणे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्टॅटिन रक्तात फार वाढले तर स्नायूंना इजा होऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर गंभीर ठरते. मांड्या, खांदे किंवा पाठ कारण नसताना दुखणे, अशक्तपणा येणे आणि लघवीचा रंग चहासारखा गडद होणे या त्याच्या खुणा आहेत. रक्तातले क्रिएटिन कायनेज तपासले की इजा कळते. स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडालाही बाधू शकतात.

सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन यांच्यावर रसाचा परिणाम सर्वांत जास्त होतो. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवर तो मध्यम असतो. अधूनमधून एखादा पेला सहसा चालतो, मात्र रोज भरपूर रस नको. रोसुव्हास्टॅटिन आणि प्राव्हास्टॅटिन मोडण्यात सीवायपी३ए४चा वाटा नगण्य आहे, फ्लुव्हास्टॅटिन मुख्यतः दुसरेच विकर मोडते आणि पिटाव्हास्टॅटिनवरही परिणाम किरकोळच होतो. ही चार औषधे घेणाऱ्यांना रसाची विशेष भीती नाही.

कोकणातले पपनस हे ग्रेपफ्रूटच्या पूर्वजांपैकी एक, आणि त्यातही फ्युरॅनोकूमरिने असतात. सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन चालू असेल तर पपनसही टाळलेले बरे. मोसंबी आणि गोड संत्री यांच्या बाबतीत ही अडचण नाही. ग्रेपफ्रूट सोडवत नसेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून रोसुव्हास्टॅटिनसारखे दुसरे स्टॅटिन लिहून घ्यावे.