सर्वेक्षणाचे निकाल लिहिताना: आकडा किती बोलतो आणि आपण किती?

एम. एड.च्या प्रबंधात चौथे प्रकरण बहुधा 'माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन' या नावाचे असते. कोष्टके बरोबर असतात. गडबड होते ती कोष्टकाखालच्या दोन-तीन वाक्यांत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा शाळांतील आठवीच्या २४० विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली. २०० भरून परत आल्या. प्रश्न होता: गेल्या महिन्यात शाळेच्या वाचनालयातून पुस्तक घेतले का?

| | घेतले | एकूण उत्तरे | शेकडा |
|---|---|---|---|
| मुली | ६६ | ११० | ६०.० |
| मुलगे | ४५ | ९० | ५०.० |
| एकूण | १११ | २०० | ५५.५ |

'५५.५ टक्के विद्यार्थी पुस्तके घेतात' हे वाक्य इथेच घसरते. ही टक्केवारी उत्तर देणाऱ्यांची आहे. न आलेल्या ४० जणांपैकी कोणीच पुस्तक घेतले नसेल, तर २४० पैकी १११ म्हणजे सुमारे ४६ टक्के उरतात. सगळ्यांनी घेतले असेल, तर सुमारे ६३ टक्के होतात. म्हणून 'उत्तर दिलेल्या २०० पैकी १११ जणांनी पुस्तक घेतल्याचे सांगितले' असे लिहावे. 'सांगितले' हा शब्दही हवाच, कारण वाचनालयाची नोंदवही कोणी तपासलेली नाही.

आता मुली आणि मुलगे. फरक १० टक्के-गुणांचा दिसतो. पण नेहमीच्या सूत्राने त्याचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण उणे ४ ते अधिक २४ येतो. त्यात शून्यही बसते. म्हणजे खरा फरक मोठा असू शकतो, किंवा मुळीच नसू शकतो. शिवाय हे सूत्र प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे निवडला आहे असे धरते. इथे मुले सहा शाळांतून गटाने आली आहेत. एखाद्या शाळेत वाचनालयाचा तासच नसेल, तर तिथल्या सगळ्यांची उत्तरे एकसारखी झुकतील. त्यामुळे खरी अनिश्चितता बहुधा याहून जास्तच. तेव्हा 'या नमुन्यात मुलींचे प्रमाण जास्त दिसले, पण एवढ्या माहितीवरून फरक निश्चित म्हणता येत नाही' इतकेच लिहिता येते. यावरून 'फरक नाही' असे लिहिणेही तितकेच चूक.

हेच आकडे स्तंभालेखात घालताना उभा अक्ष ४० पासून सुरू केला, तर मुलींचा स्तंभ मुलग्यांच्या दुप्पट उंच दिसतो. (एक्सेल कधीकधी हे आपणहून करते, त्यामुळे हेतूवर शंका घ्यायला नको.) स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा, आणि प्रत्येक स्तंभाखाली ११० व ९० या संख्या हव्यात.

राहिला 'मुळे' हा शब्द. पुस्तक घेणाऱ्यांचे गुण जास्त निघाले, तरी एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून पुस्तकांमुळे गुण वाढले की मुळात हुशार मुलेच वाचनालयात जातात, हे कळत नाही. ती चर्चा पाचव्या प्रकरणात, शक्यता म्हणून करावी.