एका बैठकीची भयकथा

‘ड्रेड’ या भूमिकाखेळात फासे नसतात. टेबलावर असतो ‘जेंगा’चा 54 लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. पात्राने धोक्याचे काही करायचे ठरवले की खेळाडू एक ठोकळा ओढून वर ठेवतो. मनोरा कोसळला की ते पात्र कथेतून बाद. ओढायला नकार देता येतो, पण मग कृती फसते.

चार तासांच्या बैठकीची आखणी या मनोऱ्यावरच बेतावी लागते. सुरुवातीला तो भक्कम असतो, त्यामुळे पहिल्या तासात कोणी मरण्याची शक्यता कमी. हा वेळ ओळखीसाठी वापरावा: बर्फात अडकलेले संशोधन केंद्र, बंद पडलेला रेडिओ, एक गैरहजर सहकारी. तरीही ठोकळे मात्र ओढायला लावावेत, नाहीतर शेवटी मनोरा ताठच उभा राहतो आणि भीती नुसती वर्णनापुरती उरते. राक्षस लवकर दाखवणे ही नेहमीची चूक. दाराबाहेरचा आवाज अधिक काळ पुरतो. खेळाडू विनोद करू लागले की ताण सुटला असे समजावे, आणि थोडी विश्रांती म्हणून तो सुटूही द्यावा. मनोरा कोसळल्यावर तो पुन्हा रचून काही ठोकळे आधीच ओढून ठेवतात, म्हणजे ताण शून्यावर येत नाही.

खेळापूर्वी प्रत्येकाला विचारावे: कोणता विषय मुळीच नको, कोणता पडद्याआड चालेल? लहान मुलांवरील हिंसा अनेकांना नकोच असते. शिवाय टेबलावर ‘एक्स कार्ड’ असावे. कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच वगळायचा, कारण न विचारता.