हुकूम वेगळा, धक्का वेगळा

तापून लाल झालेली पोलादाची लादी रोलिंग मिलच्या दोन रोलांच्या फटीत शिरते, तेव्हा रोल फिरवणाऱ्या मोटरवर एकदम सगळा भार येतो. क्षणापूर्वी मोटर मोकळी फिरत असते, आता तिला पोलाद चेपायचे असते. वेग थोडा तरी पडतोच. तो किती पडतो आणि किती लवकर सावरतो, यावर पुढच्या-मागच्या स्टँडमधला ताण अवलंबून असतो. या कामासाठी वेग सांभाळणारा कंट्रोलर तडफदार लागतो.

त्याच कंट्रोलरला दुसरेही काम असते. ऑपरेटर वेग १००० वरून १०२० फेरे करायला सांगतो तेव्हा मोटरने नव्या वेगावर गुळगुळीतपणे जावे, पलीकडे उडी मारून परत येऊ नये. पहिल्या कामात धक्का बाहेरून, न सांगता येतो. दुसऱ्यात हुकूम आपणच देतो. दोन्ही कामे एकाच कंट्रोलरच्या त्याच दोन आकड्यांवर सोपवली की एकाची ओढ दुसऱ्याला मारक ठरते.

हिशोबासाठी एक मोटर घेऊ. तिचा पूर्ण वेग मिनिटाला १००० फेरे, आणि मोकळी असताना पूर्ण टॉर्क दिला तर शून्यापासून तिथे पोचायला २ सेकंद लागतात. टॉर्क मागितल्यापासून तो प्रत्यक्ष मिळेपर्यंतचा आणि वेग मोजण्यातला असा सगळा उशीर मिळून ०.०२ सेकंद धरू. कंट्रोलर नेहमीचा पीआय. त्याचा पहिला भाग आत्ताच्या चुकीकडे बघतो, दुसरा भाग आजवरच्या चुकीची खतावणी ठेवतो आणि बाकी जितकी साठेल तितका टॉर्क वाढवत जातो. या दुसऱ्या भागामुळेच कायमचा भार आला तरी वेग शेवटी नेमका १००० वर येतो.

या दोन भागांचे आकडे ठरवण्याची एक जुनी, आजही ड्राइव्हच्या कामात वापरली जाणारी रीत जर्मन अभियंता केसलर यांनी १९५८ मध्ये मांडली. तिचे नाव सिमेट्रिकल ऑप्टिमम. आपल्या मोटरला ती लावली तर पहिल्या भागाचा गुणक ५० येतो, म्हणजे १ टक्का वेग कमी पडला की ५० टक्के टॉर्क. खतावणीचा काळ ०.०८ सेकंद येतो, म्हणजे चूक तेवढीच राहिली तर इतक्या वेळात दुसरा भाग पहिल्याच्या बरोबरीला येतो.

आता लादी आत सोडू. पूर्ण टॉर्कइतका भार एका झटक्यात आला तर वेग १००० वरून साधारण ९८२ पर्यंत पडतो. ही सर्वांत खालची पातळी ०.०६ सेकंदात गाठली जाते. ०.१७ सेकंदाच्या सुमारास वेग परत १००० वर असतो, मग दोनेक फेरे वर जाऊन शांत होतो. मिलवाल्याला हेच हवे असते.

पण त्याच कंट्रोलरला १०२० चा हुकूम द्या. मोटर ०.०६ सेकंदात १०२० ला पोचते आणि तिथे थांबत नाही, थेट १०२८.७ पर्यंत जाते. वीस फेऱ्यांच्या उडीवर ही ४३ टक्के जास्तीची झेप. शिवाय हुकूम आला त्या क्षणी चूक २ टक्के असल्याने कंट्रोलर लगेच १०० टक्के टॉर्क मागतो. हुकूम ६० फेऱ्यांचा असता तर मागणी ३०० टक्के झाली असती. ड्राइव्ह तेवढा टॉर्क देत नाही, मर्यादेला अडकतो, आणि तो अडकलेला असताना खतावणी मात्र फुगत राहते. त्यासाठी वेगळा बंदोबस्त केला नसेल तर झेप आणखी वाढते.

कागदावर ही ४३ टक्क्यांची झेप बघून बहुतेकांचा हात गुणकाकडे जातो. तो ५० वरून २५ करा आणि त्याच रीतीने खतावणीचा काळ ०.३२ सेकंद करा. झेप ४३ वरून साधारण १७ टक्क्यांवर येते. पण आता लादी आत आली की वेग ९८२ ऐवजी ९६७ पर्यंत पडतो आणि ०.६ सेकंदांनंतरही सहा फेरे कमीच असतो. हुकमाचे वागणे अर्धवट सुधारले, धक्क्याचे पुरते बिघडले. झेप तरीही शिल्लक आहेच.

ती पुरती जाणारही नाही, मग आकडे काहीही टाका. मोकळ्या मोटरला १००० वर फिरत राहायला (घर्षण सोडून देऊ) टॉर्क लागत नाही, १०२० वरही लागत नाही. म्हणजे हुकमाआधी खतावणीत जी बाकी होती तीच शेवटीही असायला हवी. पण वेग १०२० ला पोचेपर्यंत चूक एकाच दिशेची असते आणि बाकी साठत जाते. ती फेडायची तर वेग तितकाच काळ किंवा तितक्या प्रमाणात १०२० च्या वर राहायला हवा. आलेखावर रेषेखालचे क्षेत्रफळ आणि रेषेवरचे क्षेत्रफळ सारखे झाल्याशिवाय सुटका नाही. इथे ट्युनिंगचा दोष नसतो. अशा यंत्राला पीआय जोडला आणि हुकूम जसाच्या तसा दिला की हे गणित आपोआप लागू होते.

मग हुकूमच जसाच्या तसा देऊ नये, एवढीच वाट उरते. ऑपरेटरचा आकडा आणि कंट्रोलर यांच्यामध्ये एक लहानसा गाळणीचा टप्पा बसवतात, तो प्रीफिल्टर. त्याचा काळ खतावणीच्या काळाइतका, म्हणजे ०.०८ सेकंद ठेवतात. प्रोग्रॅममध्ये ही एकच ओळ असते:

```
r_f = r_f + (dt/0.08) * (r - r_f)
```

इथे `r` म्हणजे ऑपरेटरने दिलेला वेग, `r_f` म्हणजे कंट्रोलरला दिसणारा वेग आणि `dt` म्हणजे दोन हिशोबांमधला वेळ. ऑपरेटर १०२० म्हणतो, पण कंट्रोलरला १००० वरून हळूहळू १०२० कडे जाणारी वक्ररेषा दिसते.

क्षेत्रफळाचा नियम मोडलेला नाही. मोटर या वक्ररेषेच्या वर जाते, खालची भरपाई करते, पण तेव्हा वक्ररेषा स्वतःच १०२० च्या बरीच खाली असते. खऱ्या हुकमाशी तुलना केली तर फेडायची राहिलेली बाकी प्रीफिल्टरच्या अलीकडे पडून राहते, आणि कंट्रोलरला ती दिसतच नाही. परिणाम असा: झेप ४३ वरून ८ टक्क्यांवर, म्हणजे १०२१.६ फेऱ्यांपर्यंतच. टॉर्कची मागणी १०० टक्क्यांवर उडी मारण्याऐवजी चढत जाऊन साधारण ४४ टक्क्यांपर्यंत. किंमत वेळेत मोजावी लागते; १०२० पहिल्यांदा गाठायला ०.०६ ऐवजी ०.१५ सेकंद लागतात.

लादीचा धक्का? त्याचा आलेख प्रीफिल्टर बसवण्याआधी आणि नंतर काढून एकावर एक ठेवला तर एकच रेषा दिसते. तेच ९८२, तेच ०.०६ सेकंद. धक्का मोटरपाशी येतो, वेगमापकातून कंट्रोलरकडे जातो आणि तिथून परत मोटरकडे. या फेऱ्यात प्रीफिल्टर कुठेच येत नाही. तो फेऱ्याबाहेर, हुकमाच्या वाटेवर उभा आहे. त्यामुळे काम दोन पायऱ्यांत करता येते. आधी फक्त धक्क्याकडे बघून कंट्रोलरचे आकडे ठरवायचे, मग ते न हलवता हुकमाच्या वागण्याला आकार द्यायचा. या दोन स्वतंत्र मोकळिकींवरून अशा रचनेला दोन स्वातंत्र्यमात्रांची रचना म्हणतात. आयझॅक होरोविट्झ यांच्या १९६३ च्या फीडबॅकवरच्या ग्रंथात ही मांडणी पद्धतशीर आली आहे.

काही ड्राइव्हमध्ये वेगळा प्रीफिल्टर दिसत नाही, पण पीआयचा पहिला भाग हुकूम न बघता फक्त मोजलेल्या वेगाकडे बघतो. या मोटरसाठी गणित अगदी तेच निघते. हुकमाचा थोडा अंश पहिल्या भागाला देण्याची सोयही असते. शून्य अंश म्हणजे पूर्ण प्रीफिल्टर, एक म्हणजे प्रीफिल्टर नाहीच, आणि मधले आकडे मधले वागणे देतात.

०.०८ हा आकडा विश्वासाने टाकता येतो, कारण तो मोटरचा गुणधर्म नाही. कंट्रोलरमध्ये आपणच टाइप केलेला आकडा आहे. गुंडाळीच्या यंत्रावर रीळ जाड होत जाते, जडत्व वाढते, फेऱ्याचा स्वभाव बदलतो, तरी हा मेळ सुटत नाही. मात्र बदललेल्या जडत्वाने फेराच डळमळू लागला तर तो सावरणे प्रीफिल्टरच्या हातात नाही. फेऱ्याबाहेर असण्याचा फायदा आणि मर्यादा दोन्ही इथूनच येतात.

याच मर्यादेमुळे त्याच्यातली चूक कोणी दुरुस्त करत नाही. १००० आत गेल्यावर शेवटी १००० च बाहेर यायला हवे. पूर्णांकांच्या गणितात शेवटचे अंक कापले जाऊन ९९८ बाहेर आले तर मोटर ९९८ वर स्थिर राहील आणि कंट्रोलरच्या लेखी चूक शून्य असेल. दुसरा धोका मॅन्युअलवरून ऑटोवर येतानाचा. मोटर ६०० वर फिरत असताना `r_f` मध्ये जुने १००० पडून असेल तर बटण दाबताच मोटर उसळी घेते. ऑटोवर जाण्याच्या क्षणी `r_f` मध्ये मोजलेला वेग भरून घ्यावा लागतो.

अनेक स्टँडच्या मिलमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. सगळी रांग मिळून वेग वाढवते तेव्हा हुकूम उडी मारत नाही, चढणीसारखा वाढतो. प्रीफिल्टर नसता तर मोटर चढणीला बरोबर चिकटून गेली असती. तो असल्याने ती ०.०८ सेकंद मागे असते. सेकंदाला १०० फेरे वाढत असतील तर ८ फेरे मागे. सगळे स्टँड सारखेच मागे असतील तर बिघडत नाही. पण एकाचा प्रीफिल्टर ०.०८ चा आणि शेजारच्याचा ०.०४ चा असेल तर वेग वाढत असेपर्यंत दोघांत ४ फेऱ्यांचा फरक राहतो, आणि मधला पत्रा एक तर ताणला जातो नाहीतर सैल पडून फुगतो. वेग स्थिर झाला की खूण नाहीशी होते, म्हणून बिघाड शोधणारा तासभर यांत्रिक भागात धुंडाळत बसतो. फक्त चढणीवर दिसणारा ताण हे प्रीफिल्टर जुळत नसल्याचे लक्षण आहे.

मिल चालू करून देताना कंट्रोलरची तब्येत प्रीफिल्टर चालू ठेवून तपासू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हुकमाचा देखणा आलेख बघून सही केली जाते, आणि फेरा आतून काठावर आहे की नाही हे त्यात नीट दिसत नाही. प्रीफिल्टर तात्पुरता बंद करून एक-दोन टक्क्यांची उडी द्यावी. ४३ टक्क्यांच्या आसपास झेप आणि मग पटकन शांतता आली तर या रीतीने बसवलेला कंट्रोलर ठीक आहे. झेप ६० च्या वर गेली आणि वेग पाच-सहा वेळा खालीवर डोलला तर ०.०२ सेकंद धरलेला उशीर प्रत्यक्षात जास्त आहे, आणि बहुतेक वेळा तो वेगमापकाच्या फिल्टरमध्ये सापडतो.