आठ जणांसाठी चार ओळी

शेवटची पाळी २० जूनला आली असेल, तर डॉक्टर प्रसूतीची तारीख २७ मार्च देतात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, असा तो साधा हिशेब. फाइलवर लिहिलेली ही तारीख एकदा घरात आली की मुक्काम ठोकते. रजा कधी टाकायची, आईला कधी बोलवायचं, सगळं तिच्याभोवती फिरू लागतं. २९ ऑगस्टला, दहाव्या आठवड्यात, गर्भ गेला तरी २७ मार्च कॅलेंडरातून जात नाही. गुढीपाडव्याच्या आसपास ती येतेच, आणि ती कोणती तारीख आहे हे बहुधा दोघांनाच माहीत असतं.

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी रीत. त्यामुळे बातमीच दिलेली नसते, मग ती संपल्याचं कसं सांगणार? मृत जन्माची सरकारदरबारी नोंद होते, पण इतक्या लवकर गेलेल्या गर्भाचा कागद कुठे नसतो. इंग्लंडमध्ये २४ आठवड्यांच्या आत बाळ गमावलेल्या आईवडिलांना मागितल्यास प्रमाणपत्र देण्याची सोय २०२४ मध्ये सुरू झाली. इथे आठवण ठेवायची तर ती आपणच कुठेतरी लिहायची. हल्ली ती फोनवर लिहिली जाते, एखाद्या पणतीच्या किंवा रिकाम्या खिडकीच्या फोटोखाली, निवडक मैत्रिणींनाच दिसेल अशी.

अशी ओळ लिहिताना मजकुराआधी यादी करावी लागते. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून ‘क्लोज फ्रेंड्स’ची सोय आहे. यादीत कोण आहे ते इतरांना दिसत नाही, कुणाला घातलं किंवा काढलं तरी त्यांना तसा निरोप जात नाही. मात्र हिरव्या कड्यावरून यादीतल्या माणसाला कळतं की हे निवडक लोकांसाठी आहे. अडचण अशी, की ही यादी बहुतेकींनी कधीतरी सहलीच्या फोटोंसाठी केलेली असते आणि तिच्यात ऑफिसातली दोन माणसं, एखादी मावसबहीण, जुना वर्गमित्र तसेच पडून असतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही ठरावीक लोकच निवडता येतात. ग्रुप मात्र टाळलेला बरा. तिथे पहिल्याने हात जोडले की बाकीचे सात जण तेच करतात आणि एकीलाही मोकळेपणी काही लिहिता येत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टने निरोप पाठवला तर तो प्रत्येकीला स्वतंत्र पोचतो, उत्तरही एकटीलाच येतं. अट एवढीच, की तिच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असायला हवा.

सात-आठ नावं पुरतात. निवडीची कसोटी जवळीक ही नाहीच. ही बातमी तिच्या पोटात राहील का, ही आहे. मैत्रिणीच्या तोंडून सासूबाईंना कळलं, तर सासूबाईंना बातमीपेक्षा ती बाहेरून कळल्याचं जास्त लागेल. यादीत कुणी सध्या गरोदर असेल किंवा उपचार घेत असेल, तर तिला आधी वेगळा निरोप पाठवावा: ‘आज मी बाळाबद्दल लिहिणार आहे, आत्ता वाचायचं नसेल तर राहू दे.’ स्टेटस बोट सरकवता सरकवता अचानक समोर येतं, म्हणून ही काळजी. आणि नवऱ्याला आधी विचारायचं. तारीख त्याचीही असते.

आता मजकूर. समजा, नाशिकमधल्या एका तिशीतल्या बाईने आदल्या रात्री हा पहिला खर्डा लिहिला आहे:

‘आमची छोटी परी आम्हाला सोडून देवाघरी गेली. दहाव्या आठवड्यात ठोके थांबले. डॉक्टर म्हणाले, काही करता आलं नसतं. कदाचित देवाचीच इच्छा. तुमच्या प्रार्थना असू द्या.’

यात खोटं काही नाही, पण प्रत्येक वाक्य नको त्या उत्तराला दार उघडून देतं. ‘परी’ म्हटलं की मुलगी होती का, हा प्रश्न आला, आणि दहाव्या आठवड्यात ते आपल्याकडे कुणालाही ठाऊक नसतं. सोनोग्राफीत लिंग सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. ‘ठोके थांबले’ म्हटलं की कुठल्या डॉक्टर होत्या, दुसरं मत घेतलं का, पपई खाल्ली होती का. खरं तर पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. पपई, जिना, स्कूटर यांना उगाच बोल लागतो. पण ही माहिती कुठल्या ओळीत बसवू गेलं, तर आठवण बाजूला राहून खुलासा सुरू होतो. ‘देवाची इच्छा’ लिहिलं की दुसऱ्याला ‘जे होतं ते बऱ्यासाठीच’ म्हणायची मुभा मिळते.

सकाळी तिने चारच ओळी ठेवल्या:

‘आज २७ मार्च. आमचं बाळ आजच्या सुमारास येणार होतं. ऑगस्टमध्येच ते गेलं. आज त्याची आठवण येते आहे, आणि ती तुम्हाला ठाऊक असावी असं वाटलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. घरी सगळ्यांना माहीत नाही, तेव्हा हे आपल्यातच राहू दे.’

शेवटची दोन वाक्यं कोरडी वाटतील, पण सगळ्यात कामाची तीच आहेत. वाचणारीला काय बोलावं सुचत नसतं, आणि सुचत नाही म्हणून ती ‘पुन्हा होईल गं’ लिहून मोकळी होते. गप्प राहायची परवानगी मिळाली की तो धोका पुष्कळ टळतो. दुसऱ्या वाक्याने गुप्ततेची सूचना उघड दिली जाते; ती गृहीत धरली तर स्क्रीनशॉट कुठवर जाईल सांगता येत नाही.

फोटोबाबतही असंच. अनेकींना सोनोग्राफीचा कागदच ठेवावासा वाटतो, आणि तो हक्क त्यांचाच आहे. पण त्या छपाईच्या कडेला पूर्ण नाव, वय, केंद्राचं नाव, तारीख आणि आठवडे असतात. तेवढा भाग कापून मगच तो लावावा. हॅशटॅग नकोच. २०१८ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन पोस्टमधल्या जिलियन ब्रॉकेल यांनी टेक कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं होतं: आपण गरोदर आहोत हे जाहिरातींना लगेच कळलं, मग बाळ मृत जन्मल्यावर ते का कळू नये? फोनमध्ये गरोदरपणाचं ॲप अजून असेल, तर त्या दिवशी तेच ‘अभिनंदन’ करण्याची शक्यता असते. अनेक ॲपमध्ये गर्भ गेल्याची नोंद करायची सोय असते. ती आधीच शोधून ठेवलेली बरी.

स्टोरी किंवा स्टेटस २४ तासांत दिसेनासं होतं, हे अशा मजकुराला सोयीचंच. इन्स्टाग्राम मात्र ते स्वतःच्या संग्रहात ठेवतं आणि वर्षभराने आठवण म्हणून पुढे करू शकतं. नको असेल तर संग्रहातून काढून टाकावं. आणखी एक गोष्ट म्हणजे कुणी पाहिलं त्याची यादी. आठपैकी सहा जणींनी पाहिलं आणि एकीनेच लिहिलं, हे दुपारभर मोजत बसलं तर ‘उत्तर द्यायलाच हवं असं नाही’ हे वाक्य आपणच मोडतो. ती यादी त्या दिवशी उघडू नये.

ज्यांना उत्तर द्यायचंच असतं, त्यांच्यासाठी ‘वाचलं. २७ मार्च माझ्याही लक्षात राहील’ एवढं पुरतं. मग त्या तारखेची नोंद स्वतःच्या फोनमध्ये खरोखर करावी लागते, कारण पुढच्या मार्चमध्ये ती पुन्हा लिहीलच असं नाही.